अक्षतांचा पाऊस आणि चार जीबीची वेस

शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. भटजींचा आवाज चढतो, ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजू लागतात आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. लग्नाच्या व्हिडिओतला सगळ्यांत मोलाचा क्षण हाच. महिन्याभराने स्टुडिओतून पेनड्राइव्ह येतो, टीव्हीला लावला जातो, सगळं घर बघायला बसतं आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र फुटतं. पैठणीचा नारळी काठ मिनिटभरापूर्वी स्वच्छ उठून दिसत होता, त्याचा पिवळट लगदा होतो. अक्षतांचे दाणे दाणे राहत नाहीत. त्यांचा चौकोनी ठिपक्यांचा धुरळा होतो. पाऊस थांबला की तीन-चार सेकंदांत काठ पुन्हा जागेवर येतो.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. स्टुडिओच्या हार्ड डिस्कवरच्या मूळ चित्रणात तोच काठ अक्षतांच्या आडूनही नीट दिसतो. बिघाड होतो तो नंतर, फाइल लहान करताना. या कामाला एन्कोडिंग म्हणतात. स्टुडिओच्या बोलीत ‘एक्सपोर्ट मारणं’. एक्सपोर्ट मारताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं : दर्जा ठरवून द्यायचा, की फाइलचा आकार ठरवून दोन फेऱ्यांत काम करायचं? पहिल्या पद्धतीला कॉन्स्टंट क्वालिटी म्हणतात, दुसरीला टू-पास. ‘टू-पास म्हणजे उत्तम क्वालिटी’ असं या व्यवसायातले अनेक जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळेच कितीतरी काठ लगद्यात जातात.

बारकावे नेमके जातात कुठे?

आज घरोघरी चालणारे बहुतेक व्हिडिओ एच.२६४ या पद्धतीने दाबलेले असतात. हे मानक २००३ साली आलं. त्यात चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन आधीच्या किंवा पुढच्या चित्रातल्या कुठल्या भागासारखा दिसतो ते शोधतात आणि फक्त उरलेला फरक लिहून ठेवतात. कार्यालयाची भिंत शंभर चित्रांत तीच असेल, तर ती एकदाच लिहावी लागते. पुढे ‘मागच्यासारखंच’ एवढं म्हटलं की भागतं.

उरलेला फरक आकड्यांच्या रूपात मांडला जातो. काही आकडे मोठे असतात. ते ढोबळ उजेड-सावली सांगतात. काही अगदी लहान असतात आणि जरीची वीण, केसांच्या बटा, दाढीचे खुंट, भिंतीचा खरबरीतपणा हे सगळं त्या लहान आकड्यांत दडलेलं असतं. मग हे आकडे गोळाबेरीज करून लिहितात. दुकानदार पैशापर्यंत हिशेब ठेवत असेल, तर सव्वाचार रुपये सव्वाचारच राहतात. त्याने दहा रुपयांच्या पटीत हिशेब ठेवायचं ठरवलं, तर चारशे रुपये चारशेच राहतील, पण सव्वाचार रुपयांचं शून्य होईल. व्हिडिओत शून्य झालेला आकडा म्हणजे पुसलेला धागा.

ही गोळाबेरीज किती ढोबळ करायची, हे शून्य ते एक्कावन्न या पट्टीवर ठरतं. त्या आकड्याला क्यूपी म्हणतात. तो सहाने वाढला की गोळाबेरीजेचं माप दुप्पट होतं. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे : कुठल्या चित्राला, चित्रातल्या कुठल्या चौकोनाला, किती क्यूपी द्यायचा. कॉन्स्टंट क्वालिटी आणि टू-पास हे चित्र दाबण्याचे दोन वेगळे प्रकार नाहीत. दाबणारं यंत्र तेच असतं. क्यूपी कशाच्या आधारे ठरवायचा, एवढ्यापुरताच दोन्हींत फरक आहे.

अक्षता पडतात तेव्हा ‘मागच्यासारखंच’ म्हणण्याची सोय संपते. सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात शेकडो दाणे नव्या जागी. आधीच्या चित्रातला चौकोन उचलून वापरावा, तर त्यातला दाणा तोवर पुढे गेलेला असतो. लिहिण्यासारखं एकदम वाढतं. त्या चार सेकंदांसाठी पुरेसे बिट मिळाले नाहीत, तर क्यूपी चढतो आणि लहान आकड्यांची शून्यं होतात. त्यात दाण्यांबरोबर मागचा काठही जातो.

पंगतीचा हिशेब

ज्यांच्या घरी व्हीसीडी होत्या, त्यांना एक सिनेमा दोन चकत्यांवर यायचा हे आठवत असेल. व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट ठरलेले होते. नायिका खिडकीत शांत उभी असली तरी तेवढेच, आणि गर्दीत मारामारी चालू असली तरी तेवढेच. म्हणून खिडकीतलं दृश्य बरं दिसायचं आणि मारामारीत पडदा चौकोनांनी भरून जायचा. डीव्हीडीत दर बदलता ठेवण्याची सोय आली. आता सोप्या दृश्यातले वाचलेले बिट अवघड दृश्याला देता येणार होते. पण चकतीची जागा तर ठरलेलीच. मग कोणाला किती द्यायचं, हे आधी कसं कळणार? दोन फेऱ्यांची पद्धत या गरजेतून रुळली.

हा हिशेब पंगतीचाच आहे. आचाऱ्याला सांगितलं, ‘प्रत्येक पानावर पोटभर वाढ, किती माणसं येतील ते येवोत, बिल नंतर बघू,’ तर ती झाली कॉन्स्टंट क्वालिटी. कुणी उपाशी उठत नाही, पण एकूण खर्च शेवटी कळतो. सांगितलं, ‘सामान एवढंच आहे, आधी पाहुणे मोजून ये, कोण किती खाणारा ते बघ, आणि मग वाढायला घे,’ तर ती झाली टू-पास. खर्च ठरलेला आणि वाटणी शहाणपणाची. तिसरा प्रकारही असतो, आणि खरं नुकसान तोच करतो : सामान ठरलेलं, पाहुणे मोजलेले नाहीत आणि वाढायला सुरुवात. पहिल्या पंगतीला जिलबी, शेवटच्या पंगतीला पातळ वरण. याला एका फेरीतला सरासरी बिटरेट म्हणतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ‘VBR, 1 Pass’ अशा नावाने दिसतो. तो निम्म्या वेळात होतो, म्हणून घाईत तोच निवडला जातो.

एका फेरीच्या या प्रकारात सॉफ्टवेअरला पुढे काय येणार आहे हे जेमतेम दोनेक सेकंदांपुरतं ठाऊक असतं. एक्स२६४ हा एच.२६४साठी सर्वाधिक वापरला जाणारा मुक्त एन्कोडर आहे, आणि तो सर्वसाधारण सेटिंगला पुढची चाळीस चित्रं बघतो. पंचवीस चित्रांच्या हिशेबाने हे १.६ सेकंद झाले. सुरुवातीला गणपतीचा फोटो, पत्रिकेचं चित्र, कार्यालयाची पाटी अशी स्थिर दृश्यं असली, की ती सढळ हाताने उरकली जातात. अक्षता तासाभराने येणार आहेत, हे त्या वेळी कुणालाच माहीत नसतं.

टू-पासचं नाव झालं ते या तिसऱ्या प्रकाराशी तुलना होऊन. एका फेरीपेक्षा दोन फेऱ्या चांगल्या, हे बरोबरच आहे. पण त्यावरून ‘कॉन्स्टंट क्वालिटीपेक्षाही दोन फेऱ्या चांगल्या’ असा निष्कर्ष काढला जातो, तिथे गाडी चुकते.

सारख्या आकाराला सारखाच दर्जा

एक्स२६४मध्ये बिटांची वाटणी कशी होते, याची एक टिपणी त्याच्या प्रमुख विकासकांपैकी लॉरेन मेरिट यांनी लिहून ठेवली आहे. ही पद्धत मुख्यतः अनुभवातून, करून बघून बसवलेली आहे, असं ते त्यात मोकळेपणाने सांगतात. मूळ नियम साधा आहे. दृश्य दुप्पट गुंतागुंतीचं झालं, तर त्याला दुप्पट बिट द्यायचे नाहीत. साधारण दीडपट द्यायचे. कारण धावपळीच्या दृश्यात डोळा बारकावे टिपत नाही आणि स्थिर दृश्यात टिपतो. म्हणून धावपळीत क्यूपी थोडा चढू द्यायचा, शांत दृश्यात उतरवायचा. पुढे २००९ साली त्यात आणखी एक युक्ती आली : चित्रातला जो चौकोन पुढच्या अनेक चित्रांत उसना वापरला जाणार आहे, तो आधीच नीट लिहून ठेवायचा. एकदा केलेला खर्च पुढे बराच वेळ कामी येतो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की वाटणीचे हे नियम दोन्ही पद्धतींत तेच आहेत. कॉन्स्टंट क्वालिटीत, म्हणजे एक्स२६४च्या भाषेत सीआरएफमध्ये, दर्जाची पातळी वापरणारा सांगतो आणि त्या पातळीवर सगळा सिनेमा लिहिला जातो. टू-पासमध्ये पहिल्या फेरीत प्रत्येक चित्राची गुंतागुंत एका नोंदवहीत उतरवली जाते. मग दर्जाची कुठली पातळी धरली म्हणजे एकूण बेरीज ठरलेल्या आकारात बसेल ते सॉफ्टवेअर काढतं आणि दुसऱ्या फेरीत त्या पातळीवर लिहितं. थोडक्यात, टू-पास म्हणजे आकाराला बसेल असा सीआरएफ शोधून देणारी यंत्रणा.

म्हणूनच सीआरएफने बनवलेली फाइल चार जीबीची झाली आणि तेच चित्रण, तीच सेटिंग्ज ठेवून टू-पासनेही चार जीबीत बसवलं, तर दोन्हींत डोळ्यांना फरक सापडत नाही. अक्षतांच्या दृश्यातही नाही. दुसरी फेरी म्हणजे चित्रावर दुसरा हात नव्हे.

सीआरएफच्या आकड्याविषयी एक खबरदारी घ्यावी लागते. आकडा लहान तितका दर्जा वरचा. तो सहाने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते, सहाने वाढवला की साधारण निम्मी. एक्स२६४ आपणहून तेवीस धरतो. हॅन्डब्रेक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे कर्ते १०८० ओळींच्या चित्रासाठी वीस ते चोवीसच्या दरम्यान राहायला सांगतात. पण तेवीस हा आकडा एक्स२६४चा आहे. एचईव्हीसीसाठी असलेला एक्स२६५ आपणहून अठ्ठावीस धरतो आणि ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरच्या पट्ट्या आणखी निराळ्या असतात. एका ठिकाणचा आकडा उचलून दुसरीकडे घालणं म्हणजे मणातलं माप किलोत वाचणं.

एका लग्नाचं गणित

आता एक लग्न प्रत्यक्ष करून बघू. चित्रण दोन तास पाच मिनिटांचं, म्हणजे ७५०० सेकंद. घरच्यांचा टीव्ही जुना, पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा. या पद्धतीत एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटांच्या पुढे जाता येत नाही. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा असो की चौसष्ट, एक फाइल चार जीबीची वेस ओलांडत नाही. चित्रणाचे दोन तुकडे केले तर ऐन रंगात दुसरी फाइल शोधावी लागते, म्हणून घरच्यांना एकच हवी आहे.

बाइटांना आठने गुणून सेकंदांनी भागलं, की सेकंदाला साधारण ४५८१ किलोबिट येतात. त्यातले १६० आवाजाला द्यायचे, उरले ४४२१. फाइलचं स्वतःचं वेष्टनही थोडी जागा खातं आणि दुसऱ्या फेरीचा नेमही किलोबिटापर्यंत अचूक बसत नाही. म्हणून एक-दीड टक्का राखून ४३५० धरायचे. या मापाने फाइल सुमारे ४२३ कोटी बाइटांची होते आणि वेशीच्या आत सुखाने बसते.

अनेक जण इथेच टू-पासला हात घालतात. त्याआधी पाच मिनिटांचं एक काम केलं, तर बरंच काही कळतं. चित्रणातून दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे निवडायचे : हळद, अक्षता, पंगत, रोषणाईतलं स्वागत, आणि एखादं शांत दृश्य. ते सीआरएफ वीसवर काढायचे. एफएफएम्पेग वापरणाऱ्यासाठी अक्षतांच्या तुकड्याची आज्ञा अशी :

```
ffmpeg -ss 00:58:00 -t 120 -i lagna.mov -c:v libx264 \
  -preset slow -crf 20 -pix_fmt yuv420p -an namuna.mp4
```

पाचही तुकड्यांची सरासरी सेकंदाला ६३०० किलोबिट आली असं धरू. हवे आहेत ४३५०, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के. सहा अंकांनी निम्मं होतं या हिशेबाने सत्तर टक्क्यांसाठी तीन-सव्वातीन अंक चढावं लागेल. सीआरएफ साधारण २३.२ आला, अपूर्णांक चालतो. हा आकडा हॅन्डब्रेकवाल्यांनी आखलेल्या पट्ट्यात बसतो. म्हणजे चार जीबीत हे लग्न बऱ्यापैकी नीट मावेल. आता टू-पास करायला हरकत नाही, कारण आकाराची खात्री फक्त तोच देतो. पाच तुकड्यांवरचा अंदाज पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकू शकतो, आणि वेशीच्या बाहेर एक बाइट गेला तरी फाइल पेनड्राइव्हवर उतरत नाही.

```
ffmpeg -i lagna.mov -c:v libx264 -preset slow -b:v 4350k \
  -pix_fmt yuv420p -pass 1 -an -f null /dev/null
ffmpeg -i lagna.mov -c:v libx264 -preset slow -b:v 4350k \
  -pix_fmt yuv420p -pass 2 -c:a aac -b:a 160k lagna.mp4
```

विंडोजवर `/dev/null` ऐवजी `NUL` लिहायचं. `-pix_fmt yuv420p` गाळायचं नाही. संपादनातून आलेल्या फाइलमध्ये रंगाची माहिती दुप्पट असू शकते आणि ती तशीच उतरली तर बरेच टीव्ही फाइल उघडतच नाहीत. पहिली फेरी संपताना पडद्यावर `final ratefactor` अशी ओळ येते. तिच्यापुढचा आकडा म्हणजे या आकारात कोणता सीआरएफ मिळतो आहे याचा अंदाज. पहिली फेरी घाईची असल्याने तो नेमका नसतो, पण पंचवीसच्या बराच पुढे दिसला तर थांबून विचार करावा.

दुसरं लग्न

दुसरं लग्नही तेवढ्याच लांबीचं. पण हे संध्याकाळचं, कार्यालयात उजेड कमी, कॅमेऱ्याचा आयएसओ चढवलेला आणि चित्रण सेकंदाला पन्नास चित्रांचं. नमुन्याची सरासरी वीस सीआरएफला १२,००० किलोबिट आली, असं समजा. ४३५०पर्यंत यायचं तर जवळजवळ नऊ अंक चढावं लागेल, म्हणजे सीआरएफ एकोणतीसच्या जवळ. टू-पास केला तरी आत हाच आकडा येणार. चार जीबीची फाइल बरोबर बनेल, कुठलीही सूचना येणार नाही, आणि काठ जाईल. केवळ टू-पासवर विसंबणाऱ्याची फसगत इथे होते. तो आकाराचं वचन पाळतो, दर्जाविषयी काही बोलत नाही. सीआरएफचा नमुना तापमापकासारखा आधीच ताप दाखवतो.

ताप कशाचा, हे नमुन्यातच दिसतं. कमी उजेडात चढवलेल्या आयएसओने चित्रभर बारीक किरकिर येते. काळ्या शेरवानीवर, मागच्या पडद्यावर, सगळीकडे ठिपके सळसळत असतात. ही किरकिर प्रत्येक चित्रात नवी असते, त्यामुळे तिला ‘मागच्यासारखंच’ म्हणता येत नाही. एन्कोडरला किरकिर कुठली आणि जर कुठली हे कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी लहान आकडेच. म्हणजे बिट खर्च होतात ते पडद्यावरच्या सळसळीवर आणि उपाशी राहतो काठ.

अशा वेळी पद्धत बदलून उपयोग नसतो, खायला घालायची तोंडं कमी करावी लागतात. पन्नासऐवजी पंचवीस चित्रं ठेवली तर बरेच बिट मोकळे होतात. लग्नात क्रिकेटसारखा वेगवान चेंडू नाही. किरकिर हलक्या हाताने गाळता येते. एफएफएम्पेगमध्ये त्यासाठी `hqdn3d` नावाची चाळणी आहे. ती हलकीच हवी. जास्त घट्ट केली तर सळसळीबरोबर जरीची वीणही गाळली जाते आणि गाल मेणाचे दिसू लागतात. तपासायची जागा पुन्हा काठच : चाळणीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं आणि काठावरचे नारळ तेवढेच टोकदार राहिले, तर प्रमाण बरोबर. एवढ्यानेही आकडा पंचवीसच्या खाली आला नाही, तर चित्र १०८० ओळींवरून ७२०वर आणावं. नीट लिहिलेलं ७२० ओळींचं चित्र लगदा झालेल्या १०८०पेक्षा टीव्हीवर स्वच्छ दिसतं. ग्राहकाला हा आकडा ऐकवायला जड जातं, तरी खरं हेच आहे.

एन्कोडरला अधिक वेळ देणं हा बारकाव्यांसाठी सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. आज्ञेतलं `slow` त्यासाठीच. त्यात एन्कोडर ‘मागच्यासारखंच’ शोधायला जास्त कष्ट घेतो, आणि तेवढ्याच बिटांत जास्त तपशील बसतो. घाईच्या सेटिंगवर दोन फेऱ्या करण्यापेक्षा सावकाश सेटिंगवर केलेली एक सीआरएफ फेरी त्याच आकारात जास्त वीण राखते.

प्रत्येक चित्रणाची भूक वेगळी, हे मोठमोठ्या कंपन्यांनाही उशिराच उमगलं. नेटफ्लिक्स २०१५पर्यंत सगळ्या शीर्षकांसाठी एकच शिडी वापरत असे. १०८० ओळींच्या चित्राला ५८०० किलोबिट, मग ते सपाट रंगांचं कार्टून असो की फिल्मच्या रव्याने भरलेला सिनेमा. कार्टूनला ते गरजेपेक्षा जास्त होतं आणि रवाळ सिनेमाला अपुरं पडत होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी प्रत्येक शीर्षकाची शिडी वेगळी मोजायला घेतल्याचं जाहीर केलं. लग्नाच्या स्टुडिओत पाच तुकड्यांचा नमुना काढणं हे त्याच जातीचं काम आहे.

फेऱ्यांमधले घोटाळे

टू-पासचा जीव त्या नोंदवहीत असतो. तिचं नाव `ffmpeg2pass-0.log`. सोबत `.mbtree` शेपटीची आणखी एक फाइल असते. एकाच फोल्डरमधून दोन लग्नांचं काम एकाच वेळी सुरू केलं, तर दोघांची नोंदवही एकाच नावाची होते, आणि एका लग्नाची वाटणी दुसऱ्याच्या हिशेबाने होऊन बसते. `-passlogfile` लावून प्रत्येक कामाला वेगळं नाव दिलं की हे टळतं.

दुसरा घोटाळा जास्त घडतो. पहिली फेरी झाली, तेवढ्यात वधूच्या मामांचा निरोप येतो की आहेराचा भाग राहिला. संपादनात तो घातला जातो आणि वेळ वाचवायला फक्त दुसरी फेरी चालवली जाते. आता नोंदवहीत आहे त्याहून चित्रं जास्त. एक्स२६४ `2nd pass has more frames than 1st pass` अशी तक्रार नोंदवतो, पण काम थांबवत नाही. नोंद नसलेला भाग एकाच ठरावीक क्यूपीने रेटतो. शेवटच्या भागाचा दर्जा एकाएकी बदललेला दिसला, तर आधी हीच ओळ शोधावी. आणि नवा भाग मध्येच घातला असेल, तर त्यापुढची प्रत्येक नोंद भलत्याच दृश्याला लागू होते. संपादनाला हात लागला, की दोन्ही फेऱ्या पुन्हा करायच्या.

तपासणी कुठल्याही चांगल्या चित्रावर थांबून होत नाही. थांबायचं ते सगळ्यांत वाईट जागी. व्हीएलसीमध्ये अक्षतांच्या सुरुवातीला थांबवून `E` हे बटण दाबत गेलं, की एकेक चित्र पुढे सरकतं. पंचवीस चित्रं, म्हणजे एक सेकंद, असं बघावं. एका चित्रात काठ आहे, पुढच्या दोनांत नाही, मग पुन्हा आहे, अशी धडधड दिसली, तर बिट कमी पडले आहेत. दुसरी जागा म्हणजे स्वागत समारंभातला अंधारा पडदा. तिथे उजेडाची उतरंड गुळगुळीत न दिसता पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. दोन पद्धतींची तुलना करायची असेल, तर दोन्ही फाइलींचा आकार आधी सारखा हवा. चार जीबीच्या टू-पासशी तीन जीबीची सीआरएफ फाइल लावून ‘टू-पास सरस’ म्हणणं हे तराजूत एक पारडं हाताने दाबण्यासारखं आहे.

स्टुडिओच्या स्वतःच्या संग्रहासाठी मात्र टू-पासचं काहीच काम नाही. तिथे वेस नाही, हार्ड डिस्क आहे. सीआरएफ अठरावर एकेक प्रत ठेवली, तर सोप्या लग्नाची फाइल लहान होते, अवघड लग्नाची मोठी, आणि दहा वर्षांनी कुणी मोठ्या टीव्हीसाठी प्रत मागितली तर देण्यासारखं काहीतरी शिल्लक असतं. वेशीत कोंबलेल्या चार जीबीच्या फाइलीतून पुन्हा नवी फाइल काढली, तर गेलेला काठ परत येत नाही.

आणि एक्सपोर्ट मारण्याआधी घरच्यांना टीव्हीचं मॉडेल विचारून घ्यावं. आजचे अनेक टीव्ही एक्सफॅट पद्धतीचा पेनड्राइव्हही वाचतात, आणि त्यात चार जीबीची वेसच नाही. तसा टीव्ही निघाला, तर पहिल्या लग्नाची सीआरएफ वीसवरची सुमारे सहा जीबीची फाइल, एकाच फेरीत बनलेली, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर सरळ उतरते.